पाच, दहा, पंधरा येतं, पण पाच सक किती?

"मॅडम, मुलगी तिसरीत आहे. दोन-दोन, पाच-पाच, दहा-दहाने शंभरपर्यंत एका दमात म्हणते. पण मधूनच 'पाच सक किती?' विचारलं की गप्प. डोक्यात काही कमी आहे का? रोज पाढे लिहून घेऊ का?"

काही कमी नाही, आणि लिहून घेणं तूर्त थांबवा. नाशिकमध्ये इंदिरानगरला राहणाऱ्या या ताईंना पहिल्या भेटीत मी एवढंच सांगितलं. त्यांचं माहेर निफाडकडचं, घरात बेदाणे कायम. पुढच्या वेळी येताना मूठभर घेऊन या म्हटलं.

टेबलावर ६ वाट्या मांडल्या, प्रत्येकीत ५ बेदाणे. "पाच-पाचने मोज बघू." तिचं बोट वाट्यांवरून सरकत होतं, पण तोंड बोटाच्या पुढे पळत होतं. बोट शेवटच्या वाटीवर पोचलं तेव्हा ती 'चाळीस'वर होती, आणि थांबली ती पन्नास म्हणूनच. मी विचारलं, "वाट्या किती होत्या गं?" ती म्हणाली, "पन्नास."

गाठ इथेच होती. पाच-पाचने म्हणताना दोन मोजण्या एकाच वेळी चालतात. एक तोंडाने, बेदाण्यांची. दुसरी मनात, आपण किती वेळा पाच घेतले त्याची. तिला पहिली पाठ होती, दुसरी ती करतच नव्हती. पाढा मात्र दुसरीवरच उभा असतो.

मग नियम केला: एक वाटी ताटात रिकामी करायची, एक बोट उघडायचं, आणि मगच आकडा म्हणायचा. वेग एकदम उतरला, आणि तो उतरायलाच हवा होता. तिसरी वाटी ओतली की तीन बोटं, पंधरा. चार दिवसांनी वाट्या बाजूला ठेवल्या, फक्त बोटं राहिली. आईनं दोन्हीकडून विचारायचं: "चार बोटं, तर बेदाणे किती?" आणि "बेदाणे पस्तीस, तर बोटं किती?" दुसरा प्रश्न मुलं जास्त आवडीने सोडवतात, आणि पुढच्या भागाकाराची ओळखही त्यातच होते.

मध्ये एक अडचण आली. घरी फरशीवर खडूने ०, ५, १०, १५ अशा रेघा मारून उड्या मारायला सांगितल्या, तर चार उड्यांचं उत्तर पंधरा यायला लागलं. ती शून्यावर उभी असतानाच 'एक' म्हणत होती. उत्तर दरवेळी बरोबर एका पाचाने कमी येत असेल तर समजावं की मूल सुरुवातीची जागाच मोजतंय. पाय उचलले की मगच बोट उघडायचं, एवढं सांगितल्यावर ते सुटलं.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "सक म्हणजे काय?" ती म्हणाली, "पाढ्यात असतं ते." एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक... हे शब्द तिच्यासाठी नुसते तालाचे होते. आम्ही बोटं उघडत गेलो आणि प्रत्येक बोटाला त्याचं नाव दिलं. सहावं बोट उघडलं, तशी ती थबकली. "म्हणजे सक म्हणजे सहा बोटं? पाच सक तीस!" तिच्या तोंडी असलेल्या 'पाच, दहा, पंधरा'मध्ये फक्त हे मधले शब्द यायचे राहिले होते. ते आले आणि पाचाचा पाढा झाला. बे आणि दहाचा त्याच आठवड्यात झाला, चपलांच्या जोड्या आणि दहाच्या नोटा मोजून.

एवढ्यावर सोडलं तर मूल 'पाच आठे'साठी दरवेळी पाचापासून सुरू करतं. म्हणून एक पूर्ण उघडा पंजा म्हणजे पंचवीस, हे पक्कं केलं. आता ती पंजा दाखवून थेट पंचवीस म्हणते, आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं: तीस, पस्तीस, चाळीस.

"पण साताचं काय?" ताईंची पुढची काळजी. सात-सातने उड्या मारायला मी सांगत नाही, त्यात मुलं हमखास घसरतात. त्याऐवजी ६ वाट्यांत ५-५ बेदाणे आणि २-२ शेंगदाणे ठेवले. बेदाणे पाच सक तीस, शेंगदाणे बे सक बारा. तीस आणि बारा बेचाळीस. सात सक बेचाळीस हे तिनं स्वतः काढलं, मग पाठ करायला वेळ लागला नाही.

नवासाठी मी काहीच मांडलं नव्हतं. तिनंच ६ वाट्यांत १०-१० बेदाणे भरले, दहा सक साठ म्हणाली, आणि प्रत्येक वाटीतून एकेक उचलून खात सुटली. सहावा तोंडात टाकून म्हणाली, "चोपन्न उरले."