इन्सुलिनचं पेन: रोज रात्री कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, डोस चुकला तर काय?

प्रश्न: बाबांना (वय ७२) डॉक्टरांनी रोज रात्री १० युनिट ग्लार्जिनचं पेन सुरू केलंय. ते गावी एकटेच असतात आणि सोबतचं पत्रक इंग्रजीत आहे. कसं टोचायचं, कुठे ठेवायचं आणि डोस चुकला तर काय करायचं, कुणी सोप्या मराठीत सांगेल का?

उत्तर: मी मधुमेहाच्या दवाखान्यात नर्स आहे आणि नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्यांना पेन शिकवते. खाली लिहिलंय ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवा आणि पहिले दोन-तीन दिवस कुणाला तरी त्यांच्या शेजारी बसवा.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. पेनवरचं नाव वाचा आणि औषध पाण्यासारखं स्वच्छ आहे ना ते बघा. गढूळ दिसलं किंवा आत कण दिसले, तर ते पेन वापरायचं नाही. नवी सुई सरळ धरून फिरवून बसवा आणि तिची बाहेरची व आतली अशी दोन्ही टोपणं काढा. आता डायल २ वर आणा, सुई वर धरा आणि मागचं बटण पूर्ण दाबा. सुईच्या टोकाला थेंब दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा २ युनिट सोडा. दोन-तीनदा करूनही थेंब आला नाही, तर सुई बदला. हे २ युनिट वाया गेले असं वाटून बरेच आजोबा ही पायरी गाळतात. मग सुई बंद असली किंवा आत हवा असली तरी कळत नाही, आणि डोस अपुरा जातो.

त्यानंतर डायल १० वर आणा. आकडा चांगल्या उजेडात, चष्मा लावून वाचायचा. नुसत्या टिकटिक आवाजावर विसंबायचं नाही. १० च्या पुढे गेलं तर डायल उलट फिरवता येतो. बेंबीपासून दोन बोटं लांब, पोटावर सुई सरळ आत घाला. सुई ४ मिलिमीटरची असेल तर सहसा चामडी चिमटीत धरावी लागत नाही, पण बाबा फार बारीक असतील तर हलकी चिमट धरा. बटण खिडकीत ० दिसेपर्यंत दाबा आणि तसंच दाबून ठेवून सावकाश दहा मोजा. लगेच सुई काढली तर औषध कातडीवर ओघळतं. रोज जागा थोडी बदला. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ येते. तिथे टोचताना दुखत नाही म्हणून माणूस तीच जागा निवडतो, पण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि साखर कारण नसताना वरखाली होते. टोचून झालं की बाहेरचं टोपण लावून सुई काढा आणि जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. सुई पेनवरच राहिली तर औषध गळतं आणि आत हवा शिरते.

न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण फ्रीझरजवळ नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन फ्रिजबाहेर, ३० अंशांच्या खाली, उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवायचं. उन्हाळ्यात घर तापत असेल तर पेन डब्यात घालून तो डबा थंड मातीच्या मडक्यात ठेवा. पेनला पाणी लागू देऊ नका. उघडलेलं ग्लार्जिन २८ दिवस चालतं. एका पेनमध्ये ३०० युनिट असतात. १० चा डोस आणि तपासणीचे २ मिळून रोज १२ जातात, म्हणजे पेन २५ दिवसांत संपेल. उघडल्याची तारीख पेनवर चिकटपट्टी लावून लिहा. डोस पुढे ८ झाला, तर २८ व्या दिवशी थोडं औषध उरेल, तेही टाकायचंच.

डोस चुकला तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुप्पट घ्यायचं नाही. या इन्सुलिनचा असर जवळपास दिवसभर राहतो, म्हणून दोन डोस एकमेकांवर आले की पहाटे साखर खाली जाऊ शकते. समजा रोजची वेळ नऊची आहे आणि अकराला आठवलं, तर तोच १० युनिटचा डोस घेता येतो. सकाळी आठवलं तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. उपाशीपोटी साखर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. किती उशिरापर्यंत चालेल ते त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या. आणि घेतलं की नाही हेच आठवत नसेल, तर घेतलंय असं समजा. यासाठी कॅलेंडर भिंतीवर असू द्या आणि टोचल्यावर लगेच खूण करायला लावा.

घाम, थरथर, छातीत धडधड किंवा गोंधळल्यासारखं झालं तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि सावरल्यावर काहीतरी खा. तपासायला यंत्र नसेल तर वाट न बघता साखर घ्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या. ते एकटे असतात, म्हणून शेजाऱ्यांनाही हे सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट गावाकडे हमखास घडते. सुया संपल्या की कुणीतरी पेनमधलं औषध सिरिंजने ओढून देतं. हे कधीही करू नका. बाटलीचं इन्सुलिन आपल्याकडे बऱ्याचदा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि सिरिंजही त्याच मापाची, तर पेनमधलं एका मिलिलिटरला १०० युनिटचं. त्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर बाबांना प्रत्यक्षात २५ युनिट जातील. सुयांचं एक जादा पाकीट आत्ताच आणून ठेवा.