आधी हॉस्पिटल, आणि कपडे बादलीत टाकू नका

प्रश्न: लैंगिक अत्याचाराची तक्रार द्यायची तर आधी पोलीस की आधी हॉस्पिटल? मेडिकलमध्ये नेमकं काय करतात? आंघोळ झाली असेल तर काही उपयोग असतो का?

आधी हॉस्पिटल. आंघोळ झाली असली तरी जायचंच.

माझ्या मामेबहिणीवर लोणावळ्यात प्रसंग ओढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुण्यात घरी आली आणि मला फोन केला. मी धायरीहून पोचेपर्यंत मामीने तिला आंघोळ घालून कपडे सर्फच्या बादलीत बुडवले होते. मी ओरडले तर म्हणाली, "असल्या कपड्यांत बसवून ठेवू का पोरीला?" कुर्ता तसाच निथळत पिशवीत घातला आणि निघालो.

पहिल्या हॉस्पिटलमध्ये काउंटरवरचा माणूस म्हणाला, "एमएलसी आहे, आधी पोलिसांचं पत्र आणा." एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस, पण त्यासाठी आधी पत्र लागतं हे साफ खोटं आहे. खासगी असो की सरकारी, प्रत्येक हॉस्पिटलने ताबडतोब आणि फुकट उपचार द्यायचे, असा कायदा आहे. नाकारलं तर जबाबदार माणसाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तपासणीसाठीही पोलिसांचं पत्र लागत नाही. पोलिसांना हॉस्पिटलच कळवतं. तक्रार द्यायची नसेल तर तुम्ही तसं लिहून देऊ शकता, उपचार थांबत नाहीत. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे भांडण्याऐवजी मी रिक्षा पकडून सरकारी हॉस्पिटल गाठलं. त्यात दोन तास गेले.

तिथे बाई डॉक्टर होत्या. त्यांनी आधी संमतीचा कागद वाचून दाखवला. उपचार, तपासणी आणि पुराव्यासाठी नमुने, तिन्हींची संमती वेगवेगळी. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं, मध्येच थांबवताही येतं. मग काय घडलं ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. जमिनीवर मोठा कागद अंथरून त्यावर उभं राहून कपडे काढायला सांगितलं, म्हणजे अंगावरून केस, माती काही पडलं तर ते कागदातच राहतं. नखांखालचं खरवडून घेतलं, जिथे स्पर्श झाला तिथले स्वॅब घेतले, रक्त आणि लघवी घेतली. स्वॅब साधारण चार दिवसांपर्यंत घेतात, पण जितका उशीर तितकं हाती कमी लागतं. अंगावरचं आंघोळीने बरंचसं जातं, आतलं सगळं जात नाही.

योनीत दोन बोटं घालून करतात ती 'दोन बोटांची तपासणी' कुणी करायला लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती चुकीची ठरवली आणि 2022 मध्ये, जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी, असं सांगितलं. जखम दिसली नाही म्हणून "काही झालं नाही" असंही डॉक्टरने लिहायचं नसतं.

गोळ्यांचं विचारायला विसरू नका. गर्भ राहू नये म्हणून लवकरात लवकर, आणि एचआयव्हीचा धोका असेल तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या. आम्हाला त्या मागून घ्याव्या लागल्या. गर्दीत डॉक्टर विसरले असतील, पण विसरायची गोष्ट आहे का ही?

आता बादली. डॉक्टरांनी कुर्ता टाकून दिला नाही. सावलीत वाळवला आणि कागदी पाकिटात सील केला. प्लास्टिकमध्ये ओलं कापड कोंडलं की बुरशी येते. धुतलेल्या कापडावरूनही कधीकधी डीएनए मिळतो, असं त्या म्हणाल्या. मामी त्यावर अजून म्हणते, "बघ, बिघडलं नाही ना काही!" मामी, "कधीकधी" म्हणाल्या होत्या त्या.

तक्रार आम्ही पुण्यातच दिली. गुन्हा लोणावळ्याचा म्हणून ठाणे अंमलदार तिकडे जा म्हणत होते, मग झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठलाही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती तक्रार, असं म्हटल्यावर नोंदवून घेतली आणि नंतर तिकडे पाठवली. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तक्रार आधी दिली असेल तर पोलिसांनी 24 तासांत मेडिकलला पाठवायचं असतं. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला. सगळे अजून त्याला एकशे चौसष्टचा जबाबच म्हणतात, कलम आता 183 झालंय. पोलीस आत नसतात, मीही बाहेर बाकावर होते. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "ताई, चहा पिऊया."

मी वकील नाही, आमच्या वाट्याला आलं ते सांगितलं. मुलगी 18 च्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो. तिथे पोलिसांत न जाण्याचा पर्याय कुणालाच नसतो आणि मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची असते. आणि माझ्या मामीसारखं कुणी घरात असेल तर निघताना अंगावरचे कपडे तसेच राहू द्या, बदलायला दुसरा जोड सोबत घ्या, कारण अंगावरचे तिथे ठेवून घेतात.