चौकशीत पुरावाच नसेल, तर न्यायाधिकरण काय पाहतं?

प्रश्न: मी चंद्रपूर जिल्ह्यात अकरा वर्षं वनरक्षक होतो. माझ्या बीटमध्ये सागाची 14 झाडं तोडली गेली. माझ्यावर आरोप दोन. पहिला, तोड दिसल्यावर पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, दोन दिवस उशिरा फाडला. दुसरा, पाच हजार घेऊन त्या रात्री नाक्यावर उभं राहून तस्करांचा ट्रॅक्टर सोडला. ट्रॅक्टरचालकाने प्राथमिक चौकशीत तसा जबाब दिला होता, पण विभागीय चौकशीत तो आलाच नाही. त्या रात्री मी दुसऱ्या परिक्षेत्रात वणव्याच्या ड्यूटीवर होतो, तसा लेखी आदेश आहे. तरी दोन्ही आरोप सिद्ध धरून मला सेवेतून काढून टाकलं. अपील चार महिन्यांपूर्वी फेटाळलं. ओळखीचे वकील म्हणतात, कोर्ट पुरावा बघत नाही. मग मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाऊन उपयोग आहे का?

उत्तर: उपयोग आहे, आणि तोही चांगला. मात्र तुमच्या दोन आरोपांची स्थिती अगदी वेगळी आहे, ती एकत्र मांडलीत तर हातातला मुद्दा जाईल.

तुमच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते अर्धं खरं आहे. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण किंवा उच्च न्यायालय हे विभागीय चौकशीवरचं अपील कोर्ट नव्हे. साक्षीदार खरं बोलला की खोटं, पुरावा पुरेसा होता की अपुरा, हे ते तपासत नाहीत. सरकारी वकील पी. गुणशेखरन प्रकरणातला 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून दाखवतील, त्यात हेच म्हटलं आहे. पण त्याच निकालात पुढे अपवादही दिले आहेत. निष्कर्षाला कसलाच पुरावा नसेल, किंवा कोणताही समंजस माणूस त्या कागदांवरून त्या निष्कर्षाला पोचणार नाही इतका तो निष्कर्ष विपरीत असेल, तर कोर्टाला हात घालता येतो. पहिल्याला आम्ही कोर्टात ‘नो एव्हिडन्स’ म्हणतो, दुसऱ्याला ‘पर्व्हर्स फाइंडिंग’. तराजूत माल किती हे कोर्ट मोजत नाही, पण पारडं रिकामंच होतं का, एवढं नक्की बघतं. आणि पुराव्याशिवाय काढलेला निष्कर्ष ही तथ्याची नव्हे, कायद्याची चूक मानली जाते, म्हणून ती दुरुस्त करायचा अधिकार कोर्टाला आहे.

आता दुसरा आरोप घेऊ. तुमचं सगळं प्रकरण ट्रॅक्टरचालकाच्या त्या एका जबाबावर उभं आहे. तो जबाब ‘पुरावा’ ठरतो का, एवढाच खरा प्रश्न.

इथे एक चूक बरेच जण करतात. ‘ही ऐकीव माहिती आहे, पुरावा कायद्यात बसत नाही,’ असं लिहून मोकळे होतात. विभागीय चौकशीला पुरावा कायदा जसाच्या तसा लागू नाही. हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग हे 1977 चं प्रकरण एका बस कंडक्टरचं आहे. तपासणी पथकाला विनातिकीट प्रवासी सापडले, प्रवाशांनी लेखी जबाब द्यायला नकार दिला, आणि पुढे चौकशीत एकही प्रवासी तपासला गेला नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाने कंडक्टरविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवला. ऐकीव पुरावाही चालतो, फक्त घटनेशी त्याचा रास्त धागा असावा आणि तो विश्वास ठेवण्याजोगा असावा, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल तुमच्याविरुद्ध वापरला जाणार, याची खात्री बाळगा.

त्याला उत्तर आहे. रतन सिंग प्रकरणात तपासणी निरीक्षक स्वतः चौकशीत उभा राहिला, त्याने बसमध्ये स्वतः जे पाहिलं ते सांगितलं, आणि त्याची उलटतपासणी झाली. तुमच्याकडे ट्रॅक्टर कुणी पाहिला? पैसे देताना कुणी पाहिलं? तुमच्या चौकशीत वनपाल आणि वनपरिक्षेत्र अधिकारी यांपैकी जे कोणी साक्षीला आले असतील, त्यांच्या जबाबातलं एकेक वाक्य वाचा. ‘मी थुटं मोजली, चौदा भरली’ हे त्यांचं स्वतःचं ज्ञान. ‘चालकाने पैसे दिल्याचं समजलं’ हे त्यांचं ज्ञान नव्हे, ती चालकाच्याच शब्दांची पुनरुक्ती आहे.

मग तो जबाब चौकशीच्या कागदांत आला कसा, ते शोधा. विभागाची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्याने तो दोषारोपपत्रासोबत नुसता जोडला आणि त्यावर निशाणी क्रमांक पडला, एवढंच झालं असेल, तर रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक हा 2008 चा निकाल थेट तुमच्या कामाचा आहे. बँकेतल्या एका शिपायावर ड्राफ्टबुक चोरल्याचा आरोप होता. बँकेच्या साक्षीदारांनी पोलिसांचे कागद दाखल केले, पण त्यातला मजकूर कुणी शाबीत केला नाही. कागद फाईलमध्ये असणं आणि तो शाबीत होणं या दोन गोष्टी आहेत, असं म्हणत न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

याउलट, ज्या अधिकाऱ्याने चालकाचा जबाब नोंदवला तोच साक्षीला येऊन ‘हा जबाब माझ्यासमोर झाला’ म्हणाला असेल, तर लढत अवघड होते, पण संपत नाही. जबाब झाला हे त्यातून शाबीत होईल, जबाबातला मजकूर खरा आहे हे नाही. म्हैसूर राज्य विरुद्ध शिवबसप्पा या 1962 च्या निकालात घटनापीठाने याची रीत सांगितली आहे. आधी घेतलेला जबाब चौकशीत वापरायला हरकत नाही, पण तो देणारा माणूस समोर आला पाहिजे, जबाब त्याला दाखवला पाहिजे, त्याची प्रत कर्मचाऱ्याला मिळाली पाहिजे आणि उलटतपासणीची संधी मिळाली पाहिजे. तुमचा चालक समोर आलाच नाही.

म्हणून चौकशीचा रोजनामा हा तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद. चालकाला समन्स निघालं का? किती वेळा? पत्ता बरोबर होता का? ‘साक्षीदार गैरहजर, सादरकर्ता अधिकारी यांनी साक्षीदार सोडून दिला’ अशी ओळ तिथे असेल, तर तिला लाल पेन्सिलीने खूण करा. दिल्ली पोलिसातल्या कुलदीप सिंग नावाच्या शिपायाच्या प्रकरणात, 1998 मध्ये, ज्यांच्या पैशांबद्दल तक्रार होती ते मजूरच चौकशीत आणले नाहीत आणि त्यांना आणायचा प्रयत्नही झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने निष्कर्ष विपरीत ठरवून त्याला परत घ्यायला सांगितलं.

जबाब बाजूला काढला तर चौकशी अहवालात उरतं काय? माझा अंदाज आहे, ‘अपचारी यांच्या संमतीशिवाय एवढी तोड शक्य नाही’ अशा धर्तीचं एखादं वाक्य असेल. हा संशय झाला. एच. सी. गोयल यांचं 1963 चं प्रकरण बघा. त्यांनी वरिष्ठाच्या घरी जाऊन खिशातून काहीतरी काढलं, ते घडी घातलेल्या शंभराच्या नोटेसारखं दिसलं, एवढ्यावर लाच देऊ केल्याचा आरोप शाबीत धरला गेला होता. संशय कितीही दाट असला तरी विभागीय चौकशीतही तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं घटनापीठाने ठरवलं आणि निष्कर्षाला पुरावाच नाही म्हणून गोयल यांच्याविरुद्धची कारवाई टिकली नाही.

वणव्याच्या ड्यूटीचा आदेश हा निष्कर्ष विपरीत असल्याचा मुद्दा आहे. महत्त्वाचा पुरावा नजरेआड करून काढलेला निष्कर्षही विपरीतच. इथे दोषारोपपत्रातले शब्द मोलाचे आहेत. नुसतं ‘संगनमत केलं’ असं असतं, तर दूर बसूनही संगनमत होतं असं म्हणता आलं असतं. पण आरोप ‘नाक्यावर उभं राहून’ असा आहे, आणि आदेश तुम्हाला दुसऱ्या परिक्षेत्रात ठेवतो. अट एकच. हा आदेश चौकशीतच दाखल झालेला हवा, किमान बचावाच्या निवेदनासोबत दिलेला हवा. आता पहिल्यांदा मॅटसमोर ठेवलात, तर चौकशी अधिकाऱ्याने तो दुर्लक्षिला असं म्हणता येणार नाही. त्या ड्यूटीच्या तळावरच्या हजेरीचा कागद तेव्हाच दिला असेल तर फारच उत्तम.

पहिल्या आरोपाबद्दल मन घट्ट करा. पीओआरवर तारीख आहे, तोड दिसली ती तारीख तुमच्या दैनंदिनीत असणार, म्हणजे तिथे पुरावा आहे. उशिराचं कारण तुम्हाला कितीही पटत असलं तरी ते तोलायला न्यायाधिकरण बसणार नाही. आणि इथेच धोका आहे. ओरिसा राज्य विरुद्ध विद्याभूषण महापात्र या 1962 च्या निकालाने असं सांगितलं आहे की काही निष्कर्ष उडाले तरी उरलेल्या आरोपावर ती शिक्षा कायद्याने देता येत असेल, तर कोर्ट आदेश सहसा मोडणार नाही. सरकारी वकील म्हणतील, उशीर तर शाबीत आहे ना, मग आदेश राहू द्या.

म्हणून अर्जात दुसऱ्या आरोपाचा निष्कर्ष रद्द करा एवढंच मागून थांबू नका. शिक्षेच्या आदेशातला तो परिच्छेद उतरवून दाखवा, जिथे शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने पैसे घेतल्याचं कारण देऊन नोकरी घेतली आहे. दोन दिवसांच्या उशिरासाठी अकरा वर्षांची नोकरी घेणं ही मनाला धक्का देणारी शिक्षा आहे, असा मुद्दा स्वतंत्र घ्या. बी. सी. चतुर्वेदी या 1995 च्या निकालाने तेवढी जागा ठेवली आहे. शिक्षा रद्द करून फक्त पहिल्या आरोपापुरता नवा विचार करायला सांगावं, ही पर्यायी मागणीही लिहा.

मुद्द्यांचा क्रमही सांभाळा. उलटतपासणी मिळाली नाही हा मुद्दा जिंकलात, तर बहुतेक वेळा चौकशी त्या टप्प्यापासून पुन्हा घ्यायला सांगतात, आणि विभाग या वेळी चालकाला शोधून आणू शकतो. पुरावाच नव्हता हा मुद्दा जिंकलात, तर तो आरोप तिथेच संपवायची मागणी भक्कमपणे करता येते. म्हणून ‘नो एव्हिडन्स’ आधी, संधी नाकारल्याचा मुद्दा त्यानंतर.

प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे अपील फेटाळल्याच्या अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. तुमचे चार महिने गेले, पण शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका. नागपूर खंडपीठाकडे अर्ज करायचा. चौकशीचं पूर्ण दप्तर, म्हणजे दोषारोपपत्र चारही जोडपत्रांसह, रोजनामा, साक्षी, निशाणी पडलेले कागद, चौकशी अहवाल, त्यावर तुम्ही दिलेलं निवेदन, आणि अपिलाचा आदेश, हे आजच लेखी मागा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

दप्तर आलं की एक मोठा कागद घ्या आणि दुसऱ्या आरोपाचे तुकडे पाडा: तुम्ही नाक्यावर होतात, ट्रॅक्टर आला, त्यात ते लाकूड होतं, पैसे दिले गेले, तुम्ही सोडलंत. प्रत्येकापुढे कोणत्या साक्षीदाराने, कोणत्या पानावर, स्वतःच्या माहितीने काय सांगितलं ते लिहा. ज्या रकान्यात फक्त चालकाचा जबाब येतो तिथे पेन थांबवा आणि तो जबाब कुणी, कसा शाबीत केला ते शेजारी लिहा. हा कागद आणि रोजनामा घेऊन वकिलांकडे जा. अर्जाचे मुद्दे त्या कोऱ्या रकान्यांतूनच निघतील.