भाषांतर तपासताना आधी 'नका' शोधा

मशीनने इंग्रजीतून केलेलं मराठी भाषांतर तपासताना नवीन मंडळी ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसतात आणि उलटा झालेला अर्थ निसटतो. शुद्धलेखन शेवटी करा. आधी मूळ इंग्रजीतल्या 'नॉट', 'नेव्हर', 'अनलेस'वर खुणा करा आणि प्रत्येकीसमोर मराठी नकार आहे का बघा. आपल्याकडे नकार बहुधा वाक्याच्या टोकाला येतो, म्हणून तो गळाला तरी वाक्य सुरळीत वाटतं.

सोलापुरी चादरींच्या धुलाईच्या सूचना तपासताना मला मिळालं: 'दहा मिनिटांपेक्षा जास्त भिजवा.' मुळात 'भिजवू नका' होतं! 'अनलेस'पाशी तर थांबाच. 'रंग पक्का असल्याशिवाय गरम पाण्यात टाकू नका' याचं मशीनने 'रंग पक्का असल्यास टाकू नका' केलं होतं. एक नकार गेला आणि सूचना फिरली.

त्याच सूचनांतल्या उरलेल्या दोन चुका लवकर दिसतात:

- 'रंग धावू शकतो': इंग्रजीत रंग धावतो, आपल्याकडे तो जातो.
- 'विरंजकीकरू नये': असा शब्दच नाही. 'ब्लीच वापरू नका' लिहा.

अशा शब्दांसाठी मूळ न बघता मराठी मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तिथे खूण करा. नकारासाठी मात्र मूळ समोर हवंच. नुसत्या मराठीवरून तो गळालेला कळत नाही.