तीन शनिवार-रविवार, एक फोन आणि रामबागेतली रिकामी खोली

आदरणीय मॅडम,
आम्ही चौघे मित्रमैत्रिणी इंदूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहोत. चांगला कॅमेरा असलेला फोन एकच आहे आणि परीक्षेआधी तीन शनिवार-रविवार मोकळे आहेत. वेब सिरीजसाठी तीन कल्पना आहेत: सराफ्यात रात्री घडणारी चोरी, पाच रूममेट्सची धमाल, आणि रामबागेतल्या आमच्या घरातली वरची खोली आजी भाड्याने द्यायला काढते, ती गोष्ट. आजी कॅमेऱ्यासमोर बिनधास्त बोलते, पण ही कल्पना मला जरा साधी वाटते. कोणती घ्यावी? पुढे फिल्म इन्स्टिट्यूटला अर्ज करायचा आहे, त्यात याचा उपयोग होईल का?
– एक विद्यार्थिनी, इंदूर

प्रिय विद्यार्थिनी,

खोलीची गोष्ट घ्या. ती साधी वाटते याचे कारण इतकेच, की तुम्ही अजून तिचा विषय सांगितला आहे, कथाबीज सांगितलेले नाही. त्याकडे येतेच, पण आधी बाकीच्या दोन कल्पना का सोडायच्या ते पाहू, कारण एका फोनवर काय झेपते याचा हिशेब त्यातच आहे.

पाच रूममेट्सची कल्पना वरवर सर्वांत सोपी वाटते, कारण मित्र आहेत आणि खोलीही आहे. प्रत्यक्षात तीच सर्वांत महाग पडते. कॅमेरा एकच असला की एकच संवाद पुन्हा पुन्हा करून घ्यावा लागतो: एकदा सगळे दिसतील अशा चौकटीत, मग प्रत्येक बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर एकदा. ढोबळ मानाने पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट. दोन पानांचा प्रसंग दोघांत असेल तर तीन चौकटी होतात. प्रत्येक चौकट तीनदा घेतली तर प्रत्यक्ष चित्रण अठरा मिनिटांचे होते, आणि फोन हलवणे, चुकलेले वाक्य, मध्येच आलेला हॉर्न हे सगळे धरून सव्वा तासात काम उरकते. तोच प्रसंग पाच जणांत असेल तर सहा चौकटी होतात, आणि वेळ नुसता दुप्पट होऊन थांबत नाही. कोण कोणाकडे पाहून बोलत होता, कोणाच्या हातात कप होता, याचा घोळ सुरू होतो. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी आलेल्या एका गटाने चहाच्या टपरीवर पाच मित्र बसवून दोन रविवार चित्रण केले होते. तिसऱ्या रविवारी त्यातला एक जण बहिणीच्या साखरपुड्यासाठी केस बारीक कापून आला, आणि गोष्ट मात्र एकाच संध्याकाळी घडणारी होती. ते काम तिथेच राहिले.

सराफ्याचे म्हणाल, तर दिवसा दागिन्यांची आणि रात्री खाण्याची ती गल्ली डोळ्यांना फार मोहवते. पण अंधारात फोनचे चित्र रवाळ होते, गर्दीतला प्रत्येक तिसरा माणूस कॅमेऱ्याकडे पाहतो, आणि कुठल्यातरी दुकानात वाजणारे चित्रपटगीत तुमच्या संवादाखाली कायमचे चिकटते. ते नंतर पुसता येत नाही आणि यूट्यूबवर त्यासाठी स्वामित्वहक्काचा दावाही येऊ शकतो.

आता खोली. आजी दर शनिवारी नवा भाडेकरू दाखवायला वर नेते, एवढा झाला विषय. त्यावर एक भाग होईल, दुसऱ्या भागात काय घडणार ते कळत नाही. कथाबीज व्हायला कोणालातरी काहीतरी हवे असले पाहिजे, आणि ते त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाच्या आड आले पाहिजे. समजा ती खोली आजोबांची होती. आजीला ती लवकर भाड्याने द्यायची आहे, कारण रिकामी खोली रोज झाडणे तिच्याने होत नाही (हे ती गुडघ्यांवर ढकलते, खरे कारण वेगळे आहे). नातीला ती द्यायची नाही, पण आजीला तसे तोंडावर सांगण्याची हिंमत नाही. म्हणून ती येणाऱ्या प्रत्येकाला जिन्यात गाठून पळवून लावते. आता प्रत्येक भागात नवा पाहुणा येईल, आणि प्रत्येक पाहुण्याला पळवायची युक्ती वेगळी लागेल. पाचव्या पाहुण्याच्या वेळी नातीलाच तो माणूस पटतो आणि आजी नकार देते. सहाव्या भागात पाहुणा नाही, दोघीच खोलीत बसल्या आहेत.

यातली सोय नीट पाहा. पहिला अर्धा भाग वर खोलीत आजी आणि पाहुणा, दुसरा अर्धा जिन्यात नात आणि पाहुणा. तिघे एका चौकटीत फार तर दारातून आत येताना दिसतात. म्हणजे सहा भागांत कुठेही दोनपेक्षा जास्त माणसे बोलत नाहीत, पण पाहणाऱ्याला घर भरलेले वाटते. दुसरे असे, की प्रत्येक भाग वेगळ्या शनिवारी घडतो, त्यामुळे दोन चित्रणांमधल्या आठवड्यात कोणी केस कापले, कोणाला सर्दी झाली किंवा भिंतीवरचे कॅलेंडर उलटले, तरी गोष्टीला धक्का लागत नाही. आणि पाहुण्याचे काम करणाऱ्याला तुम्ही फक्त एका दिवसासाठी बोलावता. तो ऐन वेळी आला नाही, तर त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो, कारण मागच्या भागात तो कुठेच नव्हता.

पहिला भाग कसा चालेल ते थोडे लिहून दाखवते. खरगोनहून आलेला, भंवरकुआँला स्पर्धा परीक्षेचे क्लास लावलेला मुलगा. वर आजी सांगते, “पाण्याचं काही बघायला नको, नर्मदेचं पाणी आहे.” जिन्यात नात हळूच सांगते, “नर्मदेचंच आहे, पण एक दिवसाआड. आणि आलं की आजी पहाटे सगळ्यांना उठवून बादल्या भरायला लावते.” मुलगा विचार करून म्हणतो, “चांगलं आहे की, मला पहाटेच उठायचं असतं.” नातीचा पहिला डाव फसला, आता ती दुसरा काय काढते हे पाहायला माणूस थांबतो. आजी मराठीतच बोलेल, पाहुण्यांना हिंदी बोलू द्या. आपल्या इंदूरच्या घरांत तसेच चालते, ते पुसून सगळ्यांच्या तोंडी पुणेरी मराठी घालू नका.

वेळ असा बसतो. पहिल्या शनिवारी फक्त तालीम आणि चाचणी, रविवारी पहिला भाग. पुढच्या शनिवारी दोन पाहुणे, रविवारी दोन. तिसऱ्या आठवड्यात सहावा भाग, आणि उरलेला दिवस राहून गेलेल्या तुकड्यांसाठी. ज्या दिवशी दोन भाग आहेत त्या दिवशी खोलीतले दोन्ही प्रसंग सकाळी उरकून घ्या आणि मध्ये आजींना साडी बदलायला लावा. सकाळचे अडीच तास त्यांना पुरे आहेत. जिन्यातले प्रसंग दुपारनंतर घ्या, तोवर आजी झोपल्या तरी चालतील. प्रत्येक प्रसंगात आधी एका माणसाच्या बाजूची सगळी वाक्ये संपवा आणि मगच फोन दुसऱ्या बाजूला न्या. नेताना, दोघांच्या मधोमध एक रेघ आहे असे समजून ती ओलांडू नका, नाहीतर जोडलेल्या चित्रात दोघेही एकाच दिशेला पाहून बोलताना दिसतील.

खिडकी बोलणाऱ्याच्या पाठीमागे आली की फोन खिडकीचा उजेड धरतो आणि चेहरा काळा पडतो. म्हणून खिडकी बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरा. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून धरले की बहुतेक फोनांत उजेड आणि फोकस दोन्ही कुलूपबंद होतात; ते केले नाही तर आजी पुढे झुकल्या की चित्र आपोआप उजळते-मावळते, आणि ते जोडताना लपत नाही. ट्यूबलाइट बंदच ठेवा. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे आणि फोन सहसा सेकंदाला तीस चित्रे टिपतो; हा मेळ बसला नाही की चित्रात पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये २५ चित्रांची सोय असेल तर तीच निवडा.

नव्या माणसांचे काम चित्रापेक्षा आवाजात जास्त बिघडते. चित्र घेणारा फोन सहा फुटांवर असेल तर त्यात आजींपेक्षा पंखा मोठा ऐकू येतो. कोणाचाही जुना फोन घ्या, त्याला माइक असलेला तारेचा इयरफोन लावा आणि माइक बोलणाऱ्याच्या पदराआड किंवा कॉलरखाली लावून आवाज त्यात वेगळा टिपा. प्रत्येक वेळी सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलनात टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की बाकीचे आपोआप जुळते. पंखा बंद, दोन्ही फोन फ्लाइट मोडवर, आणि सकाळची कचरागाडी गाणे वाजवत गल्लीतून निघून जाईपर्यंत सुरुवात करू नका. खोलीत कोणीही न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतताही टिपून ठेवा, दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती लागते.

पहिल्या रविवारी रात्री पहिला भाग कच्चा का होईना, जोडून टाका, आणि तो टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर, कानात इयरफोन घालून पाहा. फोनच्या छोट्या पडद्यावर फोकस सुटलेला कळत नाही आणि आवाजाची खरखरही लपते. जो दोष तिथे दिसेल तो पुढच्या पाच भागांत टाळता येतो. सगळे चित्रण झाल्यावर जोडायला बसलात तर तोच दोष सहा वेळा सापडेल.

अर्जाविषयी. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी हे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. बी.कॉम. असणे सहसा आड येत नाही, मात्र ध्वनीसाठी बारावीला भौतिकशास्त्र लागते का ते आधी तपासून घ्या, आणि यांतले काय हवे ते अर्ज करतानाच ठरवावे लागते. म्हणून तुम्ही चौघांनी सहाही भागांत आलटून पालटून सगळे करण्यापेक्षा पहिल्या तीन भागांत कामे फिरवा आणि नंतरच्या तीन भागांत प्रत्येकाने एकच धरा. ज्याला दोन तास इयरफोन कानात ठेवून आवाजाच्या तारा जुळवताना कंटाळा आला नाही, त्याने ध्वनीचा विचार करावा, भले आज त्याला दिग्दर्शक व्हायचे असेल. तुमच्या पत्रावरून तुम्ही स्वतः लिहिणाऱ्या आहात असे मला वाटते. तुम्ही सहाव्या भागाची पटकथा आजच लिहा, कारण आजोबांची खोली रिकामी का ठेवायची आणि का ठेवायची नाही, हे दोघींच्या तोंडून काय निघेल ते तुम्हाला आधी माहीत असेल, तरच पहिल्या भागात नात जिन्यात जे खोटे बोलते ते नेमके काय असावे हे ठरवता येईल.