इसा, अडीच आणि डेन्मार्कचं पन्नास

प्रश्न: आमची आजी (परभणीकडची) शेळ्या मोजताना 'तीन इसा पंधरा' म्हणते, म्हणजे पंच्याहत्तर. फ्रेंच आणि डॅनिश लोकही विसानं मोजतात म्हणे. हे खरं का? आणि एकोणीसमध्ये नऊ कुठं गेला?

खरं आहे. पण फ्रेंच आणि डॅनिश दोघं एकाच वाटेनं जात नाहीत, आणि गंमत त्या फरकातच आहे.

विसानं मोजायला बसलं की एक अडचण येते. चाळीस, साठ, ऐंशी सरळ बसतात: दोन इसा, तीन इसा, चार इसा. मधल्या पन्नास, सत्तर, नव्वदला मात्र दहा उरतात. त्या उरलेल्या दहाचं काय करायचं?

तुमच्या आजी ते दहा पुढच्या आकड्यात घालतात. तीन इसा झाले, वर पंधरा. म्हणून त्यांना एक ते एकोणीस आणि 'इसा' एवढे शब्द पुरतात. पंच्याहत्तर, शहात्तर अशी जोडशब्दांची फौज पाठ करायची गरजच नाही. फ्रेंचांनीही हेच केलं, पण सत्तरपासून पुढं. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', पंच्याहत्तर म्हणजे 'साठ-पंधरा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' (कात्र-व्हँ) आणि नव्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. साठपर्यंत त्यांची मोजणी साधी दहाची आहे, म्हणजे कारभार अर्धा-अर्धा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच भाषक सत्तरला सेप्ताँत आणि नव्वदला नोनाँत म्हणून मोकळे होतात.

अशा पद्धतीत अकरा ते एकोणीस हे शब्द दर विसाला पुन्हा लागतात, त्यामुळं ते एकसंध झालेले असले तर बरंच. फ्रेंचमध्ये अकरा ते सोळा असे एकसंध शब्द आहेत, सतरापासून 'दहा-सात' अशी उघड जोडणी. मराठीत अकरा, बारा, तेरा हे एकादश, द्वादश, त्रयोदश झिजून झालेत. 'दश'चा शेवटी 'रा' झाला, म्हणून आत दहा दिसत नाही. देगलूरकडं तेलुगू कानावर पडत असेल तर अकराचा 'पदकोंडु' ऐका: पहिला भाग दहाचा, मागून एक.

आता डॅनिश. त्यांनी उरलेल्या दहाला 'अर्धा वीस' मानलं. पन्नासला ते हाल्व्हत्रेस म्हणतात. पूर्ण जुनं रूप उलगडलं तर अर्थ निघतो 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा, अडीच. अडीच विसा पन्नास! सत्तर म्हणजे 'अर्धा-चौथा' विसा, म्हणजे साडेतीन विसा. नव्वद म्हणजे 'अर्धा-पाचवा' विसा. पंच्याहत्तर बोलताना आधी पाच, मग सत्तरचा शब्द, आपल्यासारखंच एकक पुढं.

'अर्धा-तिसरा' परका वाटतोय? आपला 'अडीच' हाच आहे. संस्कृत अर्धतृतीय, प्राकृतात अड्ढाइज्ज, मग अडीच. दीडसुद्धा 'अर्धा दुसरा'. साडेतीनला आपल्याकडं 'औट' होतं, अर्धचतुर्थवरून. घरात कुणी जुने पाढे शिकलेले असतील तर पावकी, निमकी, दीडकी, अडीचकीबरोबर औटकीही म्हणून दाखवतील. म्हणजे डेन्मार्कचं सत्तर आपल्या हिशेबात औट इसा. आजच्या डॅनिश बोलीत दीडचा 'अर्धा-दुसरा' जिवंत आहे, अडीचचा 'अर्धा-तिसरा' गेला. त्यामुळं तिकडच्या पोरांना पन्नासचा शब्द फोडून दाखवल्याशिवाय कळत नाही. आपल्या पोरांना तरी अडीचमध्ये तीन कुठं दिसतो!

एकोणीसमधला नऊ कुठं गेला नाही, तो नव्हताच. एकोनविंशति, एकानं ऊन म्हणजे एकानं कमी वीस. लॅटिनमध्येही एकोणीस असंच वजाबाकीचं आहे, आणि तिथं अठरासुद्धा 'दोन कमी वीस'. आपल्याकडं ही वजाबाकी एकोणऐंशीपर्यंत पक्की चालते. पुढं एकोणनव्वद आणि बेरजेचा नव्याऐंशी, दोन्ही ऐकू येतात, आणि नव्याण्णव तर बेरजेचाच. संस्कृतात दोन्ही तऱ्हा चालतात: नवाशीति आणि एकोननवति. हिंदीत उन्यासी, पण नवासी आणि निन्यानवे.

एक मर्यादा सांगतो, कारण लोक पटकन 'आपली मूळ मोजणी विसाची' असं ठोकून देतात. पक्की विसाची पद्धत ओळखायची तर वीस विसांना, म्हणजे चारशेला, स्वतंत्र शब्द आहे का ते बघायचं. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत चारशेला त्सोन्त्ली आणि आठ हजारांना शिकिपिल्ली असे वेगळे शब्द आहेत. आपल्याकडं पाच इसा झाले की शेकडा सुरू होतो आणि पुढं सगळं दहाचंच. फ्रेंच आणि डॅनिश लोकांचंही शंभराला तेच होतं. आजींना सव्वाशे शेळ्या मोजायला सांगा. 'सहा इसा पाच' म्हणाल्या तर इथं नक्की लिहा.