164 विद्यार्थी, पण वर्ग चारच

*माझ्या मुलीचा पीएचडीचा व्हायवा तीन आठवड्यांवर आलाय. जोडीने वाचन केल्यास आठवीच्या मुलांचं आकलन वाढतं का, हा तिचा विषय. चार वर्ग, 164 विद्यार्थी. दोन वर्गांत नवी पद्धत, दोन वर्गांत नेहमीची. मी दीडशे संभाव्य प्रश्नांची उत्तरं काढून दिली आहेत आणि रोज रात्री तिच्याकडून म्हणून घेतो. मर्यादांवर विचारलं तर फार काही कबूल करू नकोस, असंही बजावलंय. हल्ली ती चिडते, मध्येच उठून जाते. तिचा आत्मविश्वास कसा वाढवू? – एक वडील*

ती उठून जाते यात मला तिचं काही चुकतंय असं वाटत नाही. इतकी वर्षं ज्या कामात ती बुडून गेली होती, त्याची उत्तरं तुम्ही तिला तुमच्या शब्दांत म्हणायला लावताय. रात्रीची ही उजळणी आजपासून बंद करा. पाठ केलेलं उत्तर पहिल्या प्रश्नापुरतं चालतं. परीक्षक दुसरा प्रश्न त्या उत्तरातूनच काढतात आणि तिथे दीडशेची यादी उपयोगी पडत नाही.

त्याहून जास्त काळजी मला तुमच्या ‘कबूल करू नकोस’ची वाटते. मर्यादा मान्य केली की काम कमी दर्जाचं ठरतं, हा समज फार घरांत आहे आणि तो चुकीचा आहे. परीक्षकांनी प्रबंध वाचलेला असतो, उणिवा त्यांच्या आधीच लक्षात आलेल्या असतात. उमेदवाराला त्या कळल्या आहेत का आणि कोणती उणीव नेमक्या कोणत्या निष्कर्षाला धक्का देते हे सांगता येतं का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. ‘वेळेअभावी नमुना लहान घेतला’ हे वाक्य कोणत्याही प्रबंधात चिकटवता येतं, म्हणून त्याचा उपयोग नाही.

तुमच्या मुलीला हमखास येईल असा प्रश्न सांगतो: ‘तुम्ही 164 म्हणता, पण नवी पद्धत मुलांना एकेकटी दिली की अख्ख्या वर्गाला?’ एका वर्गातल्या मुलांना शिक्षक एकच, वातावरण एकच, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांशी थोडे बांधलेले असतात. हे साधर्म्य 0.1 धरलं आणि वर्गात 41 मुलं असली, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे या बांधलेपणामुळे नमुना किती पटीने लहान धरायचा तो आकडा, 1 + (41 − 1) × 0.1 = 5 येतो. 164 मुलांकडून मिळणारी माहिती मग साधारण 33 स्वतंत्र मुलांइतकीच उरते. प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्र धरून दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी साधी टी-टेस्ट लावली असेल, तर पी-व्हॅल्यू वाजवीपेक्षा लहान दिसणार, म्हणजे फरक आहे त्यापेक्षा जास्त खात्रीचा वाटणार. शिवाय एका बाजूला दोनच वर्ग असल्याने फरक पद्धतीमुळे पडला की शिक्षकामुळे, हे वेगळं काढणं कठीण.

इथे ‘पण नमुना पुरेसा होता’ असं रेटून नेलं की पुढचा अर्धा तास त्यातच जातो. त्यापेक्षा तिने शांतपणे म्हणावं: ‘वाटप वर्गांनुसार झालं, कारण एकाच वर्गात दोन पद्धती चालवल्या असत्या तर मुलांनी एकमेकांचं पाहून केलं असतं. त्यामुळे अनिश्चितता वाढली. पूर्वचाचणीचे गुण विश्लेषणात धरलेत, तरी शिक्षकाचा परिणाम पूर्णपणे वगळता येत नाही.’ नवी पद्धत घेणारे शिक्षक स्वतःहून पुढे आले असतील, तर तेही सांगावं. उत्साही शिक्षकांमुळे परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसला असण्याची शक्यता आहे. मर्यादा निष्कर्षाला कोणत्या दिशेने झुकवते हे सांगता आलं, की परीक्षकांचा सूर बदलतो.

योगदानाचं उत्तर याला धरूनच असायला हवं. वर्ग चारच असल्याचं मान्य करून दहा मिनिटांनी ‘या पद्धतीने आकलन वाढतं हे मी सिद्ध केलं’ म्हटलं, तर ते परीक्षक लगेच पकडणार. जोड्या प्रत्यक्षात कशा वाचतात, कुठे अडतात, बरं वाचणारं मूल सगळं स्वतःच वाचून टाकतं का, याच्या नोंदी तिच्याकडे असतील, तर तिचं भक्कम योगदान मला तिथे दिसतं. ‘यापूर्वी काय माहीत नव्हतं आणि आता काय माहीत झालं’ हे तिने दोन वाक्यांत लिहावं. त्यातलं एखादं वाक्य तिने लिहिलेल्या मर्यादांपुढे टिकत नसेल, तर दावा लहान करावा.

स्लाइड, टंकलेखनाच्या चुका, परीक्षकांचे लेख वाचणं हे सगळं तिचे गाइड सांगतीलच.

सराव हवाच, पण तो तुमच्यासोबत नको. प्रबंधाशी संबंध नसलेल्या एखाद्या संशोधकाने दोन दिवस आधी प्रबंध चाळावा आणि तिच्या प्रत्येक उत्तरावर ‘हे कशावरून?’ विचारत राहावं. उत्तर येत नसेल तिथे ‘हे मी तपासलेलं नाही, तपासायचं तर जास्त वर्ग घ्यावे लागतील’ असं सरळ म्हणायचीही तिला सवय व्हायला हवी. आणि तुम्ही तिला आधी हे सांगा, की मर्यादांबद्दल बजावलेलं मी मागे घेतो.